मदत हवी आहे: ए-बी टेस्टचा निकाल सिग्निफिकंट धरायचा की नाही? (उद्या रात्रीपर्यंत द्यायचंय)

निखिल_डेटा
नमस्कार मंडळी. डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी एका कंपनीने घरी सोडवायला असाइनमेंट दिली आहे. प्रॉडक्ट पेजची जुनी आवृत्ती ए, नवी बी. ए मध्ये ४.०० टक्के लोकांनी ऑर्डर दिली, बी मध्ये ४.४० टक्के. पी-व्हॅल्यू ०.०२७ आली. ०.०५ पेक्षा कमी आहे, म्हणजे बी लाँच करा असं उत्तर होतं ना? पण शेवटी विचारलंय, "लाँच करण्याआधी काय तपासाल?" तिथे अडलोय. कृपया कोर्सच्या लिंका देऊ नका, वेळ नाही.

गोदाकाठ
नुसत्या टक्क्यांवरून काय सांगणार? प्रत्येक गटात माणसं किती, ऑर्डरी किती? टेस्ट किती दिवस चालली? पी-व्हॅल्यू कशी काढली?

निखिल_डेटा
एकूण ५० हजार, निम्मे-निम्मे. १४ दिवस. दोन प्रमाणांची झेड टेस्ट, पायथनमध्ये. गणित बरोबर आहे हो, पुढचं सांगा.

कृषिमित्र
दोन ट्रीटमेंट आहेत, पण रेप्लिकेशन किती ते लिहिलेलं नाही. रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन असेल तर अ‍ॅनोव्हा करून क्रिटिकल डिफरन्स काढा. दोन सरासऱ्यांतला फरक त्याहून जास्त असेल तरच फरक मानायचा. ब्लॉक कशावर पाडले आहेत? जमिनीच्या उतारावर पाडले असतील तर तेही लिहा.

गोदाकाठ
कृषिमित्र, हा वेबसाइटचा प्रयोग आहे, प्लॉट नाहीत. प्रत्येक ग्राहक हाच एक स्वतंत्र नग. ऑर्डर दिली किंवा नाही दिली, एवढंच मोजलंय.

सौरभ_के
खरा घोळ रोज डॅशबोर्ड बघण्यात असतो. १४ दिवसांत कुणी मधे मधे बघून "आला निकाल, थांबवा" म्हटलं असेल तर ०.०२७ ला अर्थ नाही. समान अंतराने ५ वेळा बघितलं आणि दर वेळी ०.०५ हीच रेघ लावली, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही फरक दिसण्याची शक्यता ५ ची १४ टक्क्यांवर जाते. हेच उत्तर लिहून टाक, निखिल.

निखिल_डेटा
१४ दिवस आधीच ठरवले होते असं प्रश्नातच दिलंय.

वसुधा
मग ती शंका इथे लागू नाही. निखिल, "निम्मे-निम्मे" म्हणजे नक्की किती? दोन्ही गटांचे खरे आकडे टाका. आणि डेटात एक ओळ कधी तयार होते, ग्राहकाला गट मिळाल्यावर की पेज उघडल्यावर, तेही बघून सांगा.

निखिल_डेटा
ए: २५,४२० जण, १,०१७ ऑर्डरी. बी: २४,५८० जण, १,०८१ ऑर्डरी. प्रश्नात लिहिलंय की पेज पूर्ण लोड झालं की ओळ नोंदली जाते. रँडम आहे म्हटल्यावर थोडं इकडेतिकडे होणारच ना?

वसुधा
थोडं होतं, पण इतकं होत नाही. नाणेफेकीप्रमाणे ५० हजार लोक दोन गटांत वाटले तर एका गटाची संख्या २५ हजारांच्या आसपास साधारण ११२ ने हलते. तुमची ४२० ने हलली आहे, म्हणजे पावणेचार पट. कागदावर करायचं असेल तर दोन गटांतल्या फरकाचा वर्ग घ्या आणि एकूण संख्येने भागा:

```
(25420 - 24580)^2 / 50000 = 14.11
```

ही काय-स्क्वेअरची किंमत. ती १०.८३ च्या वर गेली की पी ०.००१ च्या खाली जाते. इथे पी साधारण ०.०००१७ येते. वाटप खरंच निम्मे-निम्मे असतं तर असा आकडा दहा हजारांत दोनदाही दिसला नसता. पायथनमध्ये:

```python
from scipy.stats import chisquare
chisquare([25420, 24580])
```

तुमची ०.०२७ मी काढून पाहिली, ती बरोबर आहे. पण दोन्ही गटांतले लोक सारखेच आहेत हे गृहीत धरून ती काढलेली असते, आणि ते गृहीतच इथे मोडलंय. आधी वाटप तपासायचं, रूपांतरदर नंतर बघायचा.

सौरभ_के
वसुधाताई, सँपल मोठं असलं की काय-स्क्वेअर कशालाही सिग्निफिकंट म्हणते. ५०.८४ विरुद्ध ४९.१६ टक्के, हा काय फरक झाला? फार वाटत असेल तर ए मधून ८४० ओळी रँडम काढून टाका, दोन्ही गट समान होतील.

वसुधा
सौरभ, मोठ्या सँपलबद्दल तुमचं म्हणणं एरवी खरं आहे. क्षुल्लक परिणामही तिथे सिग्निफिकंट दिसतो. पण इथे आपण परिणामाचा आकार मोजत नाही, यंत्र बिघडलंय का ते बघतोय. वाटप करणारा कोड ५० टक्क्यांचा आहे, तो ४९.१६ देत असेल तर मधे कुठेतरी माणसं गळताहेत.

ए मधून ८४० ओळी रँडम काढल्या तर ए चा दर ४.०० च राहतो, फक्त संख्या कमी होते. बी मधून गळालेले लोक रँडम गळालेले नाहीत, अडचण तिथे आहे. ते बहुधा असे लोक, ज्यांनी पेज लोड व्हायच्या आत मागे जाऊन टाकलं. त्यांनी ऑर्डर दिली नसतीच. बी च्या भाजकातून न घेणारेच गेले की दर आपोआप चढतो.

ते ८४० बी मध्ये परत घाला आणि त्यांच्या ऑर्डरी शून्य धरा. २५,४२० पैकी १,०८१ म्हणजे ४.२५ टक्के होतात. ए शी फरक ०.४० वरून ०.२५ वर येतो आणि पी ०.१५ च्या आसपास जाते. निकाल सिग्निफिकंट ठरतो तो या ८४० जणांवर.

पिंपळपान
शून्य धरणं हे टोक झालं. त्यातल्या काहींनी दुसऱ्या दिवशी येऊन ऑर्डर दिली असेल.

वसुधा
मान्य, ते टोकच आहे. निष्कर्ष किती डळमळीत आहे हे दाखवण्यापुरतं ते वापरायचं. खरं उत्तर म्हणून लिहायचं नाही. निखिल, डेटात उपकरणाचा, ब्राउझरचा किंवा तारखेचा रकाना आहे का? तेच भागाकार त्या प्रत्येक तुकड्यावर करा.

निखिल_डेटा
`device` आहे. डेस्कटॉप: ए ७,६१०, बी ७,५८८. आयफोन: ए ४,९०५, बी ४,९३०. अँड्रॉइड: ए १२,९०५, बी १२,०६२. अरे, सगळी गळती अँड्रॉइडमध्येच आहे!

गोदाकाठ
डेस्कटॉपला ०.०३, आयफोनला ०.०६ आणि अँड्रॉइडला २८.४६ येतंय. आता नव्या पेजवर काय वाढवलंय ते बघ. व्हिडिओ किंवा मोठ्या फोटोंची पट्टी आहे का?

निखिल_डेटा
हो, "वर आपोआप चालणारा व्हिडिओ" असं वर्णन आहे. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

गोदाकाठ
तेच महत्त्वाचं. स्वस्त फोन आणि कमी नेट असलेल्याचं पेज पूर्ण लोड होईपर्यंत तो निघून जातो. ए चं पेज हलकं, तिथे तोच माणूस नोंदला जातो. अर्थात हा अंदाज आहे. खात्रीसाठी गट ठरतो त्या क्षणाची सर्व्हरवरची नोंद मागवावी लागेल. तिथे अँड्रॉइडची संख्या समसमान निघाली तर गळती लोडिंगमध्ये. तिथेही कमी निघाली तर बिघाड वाटपाच्या कोडमध्ये.

मेलमास्तर
आमच्याकडे ई-मेलची टेस्ट ९०:१० अशी असते. ४० हजारांत ३६,१५० आणि ३,८५०. वरच्या सूत्राने तर हजारांत उत्तर येतंय! आमची सगळी टेस्ट बाद समजायची का?

वसुधा
ते छोटं सूत्र फक्त ५०:५० साठी आहे. तुम्हाला अपेक्षित संख्या द्यावी लागेल:

```python
chisquare([36150, 3850], f_exp=[36000, 4000])
```

६.२५ येतं, पी साधारण ०.०१२. यावर मी टेस्ट बाद करणार नाही. ही तपासणी प्रत्येक प्रयोगावर करतात, त्यामुळे रेघ ०.०५ ची ठेवली तर वीस चांगल्या प्रयोगांमागे एक विनाकारण अडतो. म्हणून बरेच जण ०.००१ ला थांबतात. पण पुढच्या दोन-तीन टेस्टमध्येही १० टक्क्यांचाच गट कमी भरत असेल तर शोध घ्या.

पिंपळपान
निखिल, सोपा मार्ग सांगतो. अँड्रॉइड वगळ. डेस्कटॉप आणि आयफोनचं वाटप स्वच्छ आहे, तेवढ्यावर निकाल दे.

निखिल_डेटा
केलं. ए १२,५१५ पैकी ६१३, बी १२,५१८ पैकी ६२५. म्हणजे ४.९० आणि ४.९९ टक्के, पी ०.७३. आता काय, बी नापास लिहू?

वसुधा
नको. त्या फरकाचा ९५ टक्के पट्टा उणे ०.४४ ते अधिक ०.६३ असा येतो. ०.४० ची वाढ त्यातही बसते आणि थोडी घटही बसते. निम्मा डेटा गेल्यावर प्रश्नाचं उत्तर देण्याइतकी ताकदच उरली नाही. "फरक सापडला नाही" असं लिहा, "फरक नाही" असं लिहू नका. मात्र एक गोष्ट जरूर नोंदवा: मोजमाप स्वच्छ आहे तिथे वाढ नगण्य आणि मोजमाप गळकं आहे तिथे भरघोस.

सौरभ_के
पण अँड्रॉइडवर ए ४०४ आणि बी ४५६ ऑर्डरी आहेत ना? गळालेले ८४३ शून्य धरून परत घातले तरी ३.१३ विरुद्ध ३.५३ टक्के राहतात. पी ०.०७ येते. तिथे खरा परिणाम असू शकतो. व्हिडिओ दिसला त्यांना आवडला असेल.

वसुधा
असू शकतो, नाकारत नाही. पण गळाल्यानंतर उरलेल्यांवरून तो सिद्ध होत नाही. शिवाय तुकडे पाडून नंतर निवडलेला तुकडा आहे, त्यामुळे ०.०७ ला ०.०७ इतकंही वजन देऊ नका.

निखिल_डेटा
मग शिफारस काय लिहू? त्यांना हो किंवा नाही हवंय.

गोदाकाठ
"सध्या लाँच नको. नोंद गट ठरतानाच करा आणि टेस्ट पुन्हा घ्या." सोबत किती लोक लागतील तेही लिही. ४ टक्क्यांवरून ४.४ झालेले ८० टक्के खात्रीने पकडायचे तर प्रत्येक गटात साधारण ३९,५०० लोक हवेत. आधीच्या २५ हजारांत ते कमीच होते. १४ दिवसांत ५० हजार आले, त्या वेगाने ७९ हजारांना २२-२३ दिवस. आठवड्याचे वार समान यावेत म्हणून पूर्ण ४ आठवडे धर.

पिंपळपान
४ आठवडे कोण थांबतं? व्हिडिओ हलका करून ८ दिवसांत पुन्हा बघा.

गोदाकाठ
व्हिडिओ हलका केला की ते तिसरं पेज झालं. त्याचीही स्वतंत्र टेस्ट लागेल, आणि ८ दिवसांत २९ हजारही जमणार नाहीत.

कृषिमित्र
आता समजलं. आमच्याकडे बियाणं उगवलंच नाही तर प्लॉटमधली झाडांची संख्या वेगळी मोजतात आणि उत्पन्नाबरोबर तीही मांडतात. तुमच्या तक्त्यातही गळालेल्यांचा वेगळा रकाना द्या.

वसुधा
कृषिमित्र, हे अगदी लागू आहे. निखिल, तक्त्यात पहिला रकाना "गट मिळालेले", दुसरा "पेज लोड झालेले", तिसरा "ऑर्डर" असा ठेवा आणि दर पहिल्या रकान्यावर काढा. पहिला रकाना तुमच्याकडे नाही. तो मोकळा सोडा आणि हीच माहिती त्यांच्याकडून मागवायची आहे असं खाली लिहा.

निखिल_डेटा
लिहितोय. एक राहिलं: ०.०२७ उत्तरात ठेवू की काढून टाकू?

सौरभ_के
काढ. वाचणारा तोच आकडा उचलतो.

वसुधा
ठेवा, पण १४.११ च्या खाली.