अनुभव धागा: नोकरी करणाऱ्या आईसाठी तुम्ही बांधलेलं गाणं

दोनघंट्या

आई एस.टी.त कंडक्टर होती. पहाटेची पहिली फेरी लागली की साडेचारला ती घराबाहेर पडायची. शेवटची फेरी लागली की आम्ही जेवून झोपलेले असायचो. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, मातृदिनाला, तिच्यासाठी एक गाणं करायचं असं आम्ही भावंडांनी ठरवलं. तिच्या निवृत्तीनंतरचा हा पहिलाच मातृदिन.

पहिलं गाणं मी एका संध्याकाळी लिहून टाकलं. त्यात कष्ट होते, माया होती, सावली होती, पदर होता. आईला वाचून दाखवलं. ती "छान आहे गं" म्हणाली आणि कुकर बघायला उठली. ते गाणं तिचं नव्हतंच, शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं.

मग मी आणि भावाने एक वही केली. अट एकच होती, जे फक्त आमच्या आईबद्दल खरं आहे तेवढंच लिहायचं. दोन आठवड्यांत तीसेक गोष्टी जमल्या. चामडी पिशवीतली नाणी रात्री पाटावर ओतून ती चळती रचायची. हात धुतले तरी बोटांना नाण्यांचा वास यायचा, आणि निघताना तोच हात आमच्या कपाळावरून फिरायचा. फाटक्या नोटा ती वेगळ्या काढून वहीत दाबायची. तिची गाडी शाळेवरून जायची तेव्हा आम्ही फाटकाशी धावायचो.

एवढं सगळं गाण्यात मावणार नव्हतं. ज्यात आवाज, वास किंवा स्पर्श होता त्या गोष्टी ठेवल्या. नुसती माहिती होती ती गाळली. शेवटी तीन उरल्या, त्यांची तीन कडवी झाली. साचा अभंगाचा घेतला, म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक.

नाण्यांचा तो वास
बोटांना चिकटे
पहाट उलटे
तरी राही

दोरी ओढे आई
घंटी दोन वेळा
पाठीमागे शाळा
थांबलेली

आज दोरी माझी
एकदाच ओढू
डबाही उघडू
बस जरा

एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गाडीतून गेलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. शेवटच्या कडव्यात म्हणून एकच घंटी आहे.

तुम्ही असं काही केलं असेल तर लिहा. कोणती आठवण घेतली, कोणती सोडली, काय फसलं, सगळं.

काळी_चार

मी गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, तीस वर्षं झाली. ताई, तुमचं दुसरं कडवं मी आज पेटीवर म्हणून पाहिलं. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली तालाची. कहरवा आठ मात्रांचा. सहा अक्षरांचा चरण एका मात्रेला एक अक्षर असा म्हटला की सातवी आणि आठवी मात्रा रिकामी राहते. बहुतेक गाणारे तिथे शेवटचं अक्षर ओढतात. तुम्ही ओढू नका. त्या दोन मात्रांवर खरी घंटी वाजवा, टण, टण. शेवटच्या कडव्यात सातव्या मात्रेवर एकच ठोका द्या आणि आठवी मोकळी सोडा. ऐकणाऱ्याचा कान दुसऱ्या ठोक्याची वाट पाहील आणि तो येणार नाही. त्यानंतर "बस जरा" ही चार अक्षरं दोन-दोन मात्रा घेऊन सावकाश म्हणा.

दुसरी गोष्ट पट्टीची. घरात सगळे मिळून गाणार असाल तर बायकांना साधारण काळी चार बरी पडते, पुरुषांना काळी एक किंवा पांढरी दोन. काळी चारवर पुरुष वरच्या सुरात ओरडतात आणि खालचे सूर घशातच राहतात. तुमचा भाऊ गाणार असेल तर कडवी वाटून घ्या.

आणि एक शंका. "पहाट उलटे" कानावर पडलं की मला आधी "उलटं" असं ऐकू आलं. कागदावर ते ठीक दिसतं.

ओवीवेडी

छान धागा. पण अभंग देवाचा असतो, आईसाठी ओवीच हवी. ओवीत पहिल्या तिन्ही चरणांना यमक लागतं आणि चौथा आखूड असतो. त्यामुळे तुमचं यमक अपुरं आहे असं मला वाटतं. शिवाय आपला मातृदिन श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला असतो, मे महिन्यातला बाहेरून आला.

काळी_चार

तिन्ही यमकं ग्रंथातल्या ओवीत असतात, ते तुमचं बरोबर. जात्यावरची ओवी मात्र निराळी. ती दोन ओळींची असते, अक्षरं मोजून कुणी दळत नव्हतं. ओढ जात्याच्या फेऱ्याची असायची, अक्षरं कमी पडली की "गं बाई" घालून भरायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत आईवरच्या ओव्या भरपूर आहेत, आणि त्यांतल्या आया दिवसभर राबणाऱ्याच आहेत. अभंगाच्या साच्यात आई बसत नाही हे मला पटत नाही. विठ्ठलालाच जनाबाई आई म्हणते.

पिठोरीचं खरं आहे. आमच्याकडे त्या दिवशी आई वाण डोक्यावर धरून "अतिथी कोण?" विचारते. ते गाण्यात आलं तर फारच चांगलं.

सोलापूरची_लेक

माझी आई विड्या वळायची. दिवसाला हजारचा हिशेब. पान भिजवायचं, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा. संध्याकाळी कारखान्यात द्यायला जायची, त्यात काही छाट निघायची. तिचे तास मोजताच यायचे नाहीत, कारण सूप मांडीवरच असायचं. शाळेची गोष्ट सांगितली तरी ऐकायची, पण डोळे पानावर.

घरात तेलुगू, बाहेर मराठी. गाण्यातही तसंच केलं, कडवी मराठीत आणि पालुपद फक्त "अम्मा". मी घेतलेली आठवण अशी होती की झोपेतसुद्धा तिची बोटं वळत राहायची. अंगठा आणि पहिलं बोट. आम्ही बहिणी दिव्याच्या उजेडात बघत बसायचो.

ती ओळ ऐकल्यावर आई रडली नाही, गप्प झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हे मामांसमोर म्हणू नको." तंबाखूचा वास असलेलं कडवं तर तिला नकोच होतं. जावई येतात, त्यांना कशाला? मी ते कडवं काढलं. पण काढल्यावर गाणं पोकळ झालं. अजून मला कळलेलं नाही की गाणं तिचं आहे म्हणून तिचं ऐकायचं, की आठवण माझी आहे म्हणून ठेवायची.

चौथी_ब

नमस्कार. मुलीला शाळेत आईवर दोन मिनिटं बोलायचं आहे, शुक्रवारपर्यंत. कुणाकडे तयार भाषण आहे का? सोपं हवं.

दोनघंट्या

ताई, तयार भाषण नाही. पण मुलीला एवढंच विचारा: मी घरी आल्यावर सगळ्यात आधी कसला आवाज येतो? चपलांचा, किल्लीचा, पर्स टाकल्याचा, काय ते. ती सांगेल ते तसंच लिहून द्या.

चौथी_ब

विचारलं. म्हणाली, "तू आल्यावर आधी बांगड्या काढून फ्रीजवर ठेवतेस. मग मला उचलतेस." मला हे माहीतच नव्हतं.

रात्रपाळी

मी मस्कतला असतो. आई परिचारिका होती, महिन्यातले कितीतरी दिवस रात्रपाळी. दिवसा ती झोपायची म्हणून आमच्या घरात सगळं हळू आवाजात चालायचं. चमचा भांड्याला लागू द्यायचा नाही. रेडिओ कानाला लावून ऐकायचा. आम्ही तिघं भावंडं अजूनही कुजबुजत बोलतो.

तिला जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी गाणं लिहायला बसलो तेव्हा जे वर आलं ते प्रेम नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला मी राजा झालो होतो आणि ती आली नव्हती. तिसऱ्या रांगेतली खुर्ची मी रुमाल टाकून अडवून ठेवली होती. कडव्यात तो रुमाल आला. बहीण म्हणाली, काढ, गेलेल्या माणसावर राग कसला? मी काढला नाही. पण गाणं कुणापुढे म्हटलंही नाही.

ताई, तुमच्या "थांबलेली" शब्दात मला ती खुर्ची दिसली. चुकत असेन.

दोनघंट्या

चुकत नाही. ते कडवं रागानेच सुरू झालं होतं. आधी ओळ "गाडी नाही थांबे" अशी होती. फाटकाशी मी हात हलवायचे, ती दारातून दिसायची आणि गाडी निघून जायची. इतर मुलींच्या आया डबा घेऊन यायच्या. लिहिता लिहिता लक्षात आलं की गाडीपेक्षा मी जास्त थांबलेली होते, मग शाळेला थांबवलं. राग गेला नाही, त्यातच आहे. रुमालाचं कडवं तुम्ही ठेवा असं मला वाटतं, पण बहिणीचीही आई होती ती, म्हणून हट्टाने नाही सांगत.

काळी_चार काका, "उलटे"चं तुम्ही सांगितलंत आणि भावानेही तेच ऐकलं होतं. बदलून असं केलं:

नाण्यांचा तो वास
बोटांना चिकटे
काळोखही फिटे
तरी राही

काळी_चार

आता बरोबर बसलं. "फिटे" नेमकं पाचव्या मात्रेवर येतं. फक्त "चिकटे"तला "चि" लांबवू नका, अक्षर ऱ्हस्व आहे, ओढलं की "चीकटे" होतं. सूर ओढायचा तर "टे"वर ओढा.

सोलापूरची_लेक

रात्रपाळी दादा, कुजबुजीचंच कडवं करा ना. सगळ्यांनी कुजबुजत म्हणायचं.

रात्रपाळी

हे सुचलं नव्हतं. बहिणीला विचारतो.

दोनघंट्या

काल म्हटलं. घंटी भावाने जुन्या बाजारातून पितळेची आणली, ठोका काकांनी सांगितला तसाच. पहिल्या दोन कडव्यांत आई हसत होती. शेवटच्या कडव्यात सातव्या मात्रेवर एक ठोका पडला आणि तिचा हात आपसूक वर गेला, दोरी धरायला जावा तसा.

मग बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "शाळेपाशी मी घंटी द्यायचेच नाही. तिथे थांबा नव्हता, उतारू नसायचा. ड्रायव्हर आपणहून गाडी हळू करायचे. मी खिडकीच्या दांडीवर तिकिटाचा चिमटा वाजवायचे, तुम्हाला ऐकू जावा म्हणून."

आम्हाला तो आवाज कधीच ऐकू आला नव्हता. आता दुसरं कडवं बदलायचं का, हे मी आणि भाऊ काल रात्रीपासून बोलतोय. "दोरी ओढे आई"च्या जागी "चिमटा वाजवी" बसतं, अक्षरं सहाच होतात. पण मग तिथे घंटी कशी वाजवायची? काका, चिमट्याचा ठोका कोणत्या मात्रेवर घ्यावा?