मदत हवी आहे: काळं प्लास्टिक पांढुरकं पडलंय, पॉलिश मारलं तरी परत तेच

ऐरोलीचा_नित्या
मंडळी, गाडीचं काळं प्लास्टिक पार राखाडी झालंय. पॉलिश मारलं की मस्त काळं दिसतं, दोन-चार दिवसांत परत भुरकट. पावसाच्या आत काम उरकायचंय. कोणतं प्रॉडक्ट घेऊ ते सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, सगळं बघून झालंय.

घोडबंदर_गजाली
गाडी म्हणजे कोणती? चारचाकी की स्कूटर? कुठला भाग? पॉलिश म्हणजे नक्की काय मारलं? एवढं तरी लिहा राव.

मामा_नेरूळ
डॅशबोर्ड असेल तर चकचकीत काही मारू नका. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर वॉशिंगवाल्या पोराने तेलकट काहीतरी फासलं. दुपारी पाम बीचवरून जाताना समोरच्या काचेत अख्ख्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब, रस्ता दिसेना. शेवटी ओल्या मायक्रोफायबरने पुसून पुसून काढलं. डॅशबोर्डला मॅट फिनिशचंच घ्यायचं, तेही आधी कपड्यावर घेऊन. प्लास्टिकवर थेट फवारायचं नाही, एसीच्या जाळ्यांत जातं.

ऐरोलीचा_नित्या
मामा, स्कूटर आहे हो. स्कूटरला कुठला आलाय डॅशबोर्ड.

मामा_नेरूळ
मग तसं लिहायचं ना बाळा. शीर्षकात गाडी कुठली ते नाहीच.

खोबरेल_काका
खोबरेल तेल. घरात आहे, फुकट आहे. रात्री लावून ठेवायचं, सकाळी पुसायचं. आमच्या स्कूटरला वर्षानुवर्षं हेच चाललंय.

ताई_वाशी
काका, वर्षानुवर्षं लावावं लागतंय म्हणजे टिकत नाहीये ना? 😄 शिवाय खोबरेल सुकत नाही. सर्व्हिस रोडची सगळी धूळ त्यावर बसून चिकट लेप होतो.

खोबरेल_काका
धूळ तर तशीही बसते.

रंगारी_कळवा
माझं कामच गाड्यांच्या रंगाचं आणि डिटेलिंगचं आहे, म्हणून सांगतो. नित्या, प्रॉडक्टच्या आधी तीन गोष्टी बघून इथे लिही.

एक, कोरड्या प्लास्टिकवर बोट जोरात घास. बोटाला खडूसारखी पूड लागते का? दोन, तोच भाग पाण्याने ओला कर. ओला असताना पूर्ण काळा दिसतो का, की ओल्यातही पांढरे ठिपके, रेघा राहतात? तीन, पॅनल खालून किंवा आतून दिसत असेल तर त्यावर प्लास्टिकचा प्रकार, PP किंवा ABS असा, कोरलेला असतो, तो वाच.

आणि गाडी उभी कुठे असते, हेही सांग.

ऐरोलीचा_नित्या
सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्टेशनबाहेर उघड्यावर. शेड नाही. हँडलखालचं कव्हर, पुढचं नाक, पाय ठेवायच्या जागेच्या दोन्ही कडा आणि मागचा पकडायचा दांडा, हे सगळं गेलंय. बोटाला पूड लागते. ओलं केल्यावर काळं होतं, पण हँडलखालच्या कव्हरच्या खाचांत पांढऱ्या रेघा तशाच राहतात. कव्हरच्या आत PP आहे. दांड्याचं कळत नाही, तो गुळगुळीत आहे.

बाटलीवर टायर अँड ट्रिम शाइन असं काहीतरी लिहिलंय. मध्ये एकदा पेट्रोल पंपाशेजारच्या वॉशिंगवाल्याने बॉडीला वॅक्स मारलं होतं. आता सांगा, काय घेऊ?

रंगारी_कळवा
आता बोलता येईल. तुझ्या गाडीवर दोन वेगवेगळे रोग आहेत, आणि तू दोन्हींवर एकच औषध देतोयस.

खाचांतल्या पांढऱ्या रेघा म्हणजे उन्हाचा परिणाम नाही. ते वॅक्स आहे. बॉडीला मारताना दाणेदार प्लास्टिकवर गेलं आणि खाचांत वाळून बसलं. नरम टूथब्रश आणि भांड्यांच्या लिक्विडचं कोमट पाणी घेऊन निघेल. हट्टी रेघांवर पेन्सिलचा साधा पांढरा खोडरबर चालव, बरंच उचलतो.

बाकीचं राखाडी मात्र उन्हाचंच. या प्लास्टिकचा काळा रंग वरून दिलेला नसतो, काजळी आतपर्यंत मिसळलेली असते, म्हणजे रंग कुठे गेलेला नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा अगदी पातळ थर ठिसूळ होतो, त्याला बारीक बारीक तडे जातात आणि प्रकाश त्या खडबडीतपणावर विखुरला की आपल्याला भुरकट दिसतं. शहाबादी फरशी ओली असताना गडद आणि वाळली की फिकट दिसते, तसंच. तुझ्या शाइनमधलं सिलिकॉन त्या तड्यांत पाण्यासारखंच भरतं, म्हणून लगेच काळं दिसतं. मग ऊन, धूळ आणि पहिली धुलाई, की संपलं.

हीटगन_हर्षद
एवढं कशाला? हीट गन घ्या, फिरवा, डोळ्यांसमोर काळं होतं. मी बंपर केलाय, जबरदस्त. एक रुपयाचं प्रॉडक्ट लागलं नाही.

रंगारी_कळवा
होतं काळं, नाकारत नाही. वरचा खडबडीत थर वितळून सपाट होतो म्हणून. पण त्याने उन्हापासून संरक्षण काहीच मिळत नाही, त्यामुळे काही महिन्यांत परत भुरकट, आणि दर वेळी दाणेदार नक्षी थोडी थोडी मरते. पीपी साधारण १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि स्वस्त हीट गन त्याच्या कितीतरी वर जाते. बंपर जाड असतो. स्कूटरचं कव्हर पातळ आहे, एका जागी जरा रेंगाळलास की कडा वळली आणि खटका बसेनासा झाला. त्यात हँडलखाली वायरिंग आहे आणि सीटखाली टाकी. करायचंच असेल तर पॅनल सोडवून, गाडीपासून लांब नेऊन.

हीटगन_हर्षद
लांबून धरून हात हलता ठेवला की काही होत नाही. माझा बंपर पावसाळ्यानंतरही बरा आहे. ज्याला जमत नाही त्याने करू नये.

घोडबंदर_गजाली
हर्षद, तुझी कार बिल्डिंगखाली स्टिल्टमध्ये असते, तूच मागे लिहिलं होतंस. ह्याची गाडी दिवसभर उन्हात.

अळशीवाला
कोणी अळशीच्या तेलाचं बोलत नाही? उकळलेलं अळशीचं तेल, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते सुकतं, खोबरेलसारखं ओलं राहत नाही. पातळ हात मारायचा, जास्तीचं पुसायचं.

ताई_वाशी
हे चालतं खरं, पण स्वयंपाकाचं अळशीचं तेल आणू नका कोणी, ते दिवसेंदिवस चिकट राहतं. आणि पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना गरम होतं, गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

ऐरोलीचा_नित्या
मला तेल-बिल नको. एक बाटली सांगा, घेतो, विषय संपला.

रंगारी_कळवा
बाटली शेवटी येते. आधी जुनं सिलिकॉन पूर्ण निघायला हवं, नाहीतर महागातलं महाग कोटिंगही त्यावर धरणार नाही, पापुद्र्यासारखं डागाडागाने निघेल. लोक इथेच घाई करतात.

असं कर. सावलीत, गाडी गार असताना, भांड्यांचं लिक्विड आणि नायलॉनचा ब्रश. हिरवी घासणी अजिबात नको, नक्षी घासली जाते आणि तिथे कायमचे चकचकीत पट्टे दिसतात. धुऊन पाण्याचा बारीक शिडकावा मार. पाणी एकसारखं पसरलं तर ठीक. थेंब थेंब होऊन घरंगळलं तर तिथे अजून सिलिकॉन आहे, परत घास. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून पांढऱ्या कपड्याने पूस. कपडा काळा-करडा येतो तोवर कपडा बदलत राहायचं. या टप्प्यावर गाडी आधीपेक्षा जास्त भुरकट दिसेल, घाबरू नकोस, तेच खरं रूप आहे.

मग ठरव. नुसतं फिकट राखाडी असेल तर प्लास्टिक ट्रिमचं सिरॅमिक कोटिंग. पूड लागण्याइतकं गेलेलं असेल, आणि तुझं नाक तसंच वाटतंय, तर आधी काळा रंग असलेलं ट्रिम रिस्टोरर. पारदर्शक कोटिंग स्वतःचा रंग देत नाही. गडद करतं, पण चट्टे असतील तर चट्ट्यांसकट पक्कं करतं. दोन्हींत हात तोच: स्पंजवर चार-पाच थेंब, वीतभर भाग, मिनिटभराने जास्तीचं कोरड्या कपड्याने पुसायचं. नाही पुसलं तर ओघळ तसाच वाळतो. नंतर २४ तास पाणी नको, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत कर. हातमोजे घाल आणि रंगीत पॅनलच्या कडांना मास्किंग टेप लाव.

दांडा गुळगुळीत आहे म्हणतोस, तो बहुतेक रंगवलेला आहे. त्याला हे काहीच लावू नकोस, त्याचा प्रकार वेगळा.

मामा_नेरूळ
पाय ठेवायच्या जागेवर आणि सीटवर असलं काही लावू नका हो. आमच्या शेजारच्या मुलाचा पाय शाइनवरून सटकला, गाडी उभी होती म्हणून वाचला. हँडलच्या ग्रिपलाही नाही.

रंगारी_कळवा
मामा बरोबर बोलले. सिलिकॉनवाली शाइन तिथे कधीच नको.

स्प्रे_सम्या
काळा मॅट स्प्रे मारून टाक. दहा मिनिटांचं काम.

रंगारी_कळवा
पीपीवर साधा स्प्रे धरत नाही. प्लास्टिकचा खास प्रायमर हवा, आणि तो मारूनही जिथे बूट घासतो तिथे साल निघते. नंतर पॅनल उघडंही ठेवता येत नाही आणि झाकताही येत नाही.

ऐरोलीचा_नित्या
अपडेट. रविवारी केलं. रेघा खोडरबरने खरंच गेल्या. शिडकाव्यात नाकावर थेंब धरत होते, परत परत धुवावं लागलं, कपडे काळे आले. नाकाला रंगवालं रिस्टोरर, हँडलखालच्या कव्हरला नुसतं कोटिंग. नाक जास्त काळं झालंय आणि कव्हर थोडं करडं, शेजारी शेजारी फरक दिसतो. पाय ठेवायच्या जागेच्या कडांना बुटाने घासलेले पट्टे तसेच आहेत, तिथे काहीच धरलं नाही.

रंगारी_कळवा
कव्हरवर कोटिंग झालंय, आता त्यावर रंग बसणार नाही. फरक खुपत असेल तर कोटिंग झिजेपर्यंत थांब. घासून काढायच्या मागे लागू नकोस. कडांचं प्लास्टिक खरवडलं गेलंय, तो उन्हाचा प्रश्न नाही. तेवढं पॅनल नवीन मिळतं, सुटं. पार्ट नंबर घेऊन स्पेअरवाल्याकडे विचार.

हीटगन_हर्षद
त्या कडांवर हलकी हीट गन. खरवड सपाट होईल. पॅनल सोडवूनच, मान्य.

रंगारी_कळवा
बदलायचंच असेल तर जुन्या पॅनलवर करून बघ, हरकत नाही.

खोबरेल_काका
कडांना खोबरेल.

घोडबंदर_गजाली
नित्या, किती टिकतंय ते पावसाळ्यानंतर लिही. बाटलीवर दोन वर्षं वगैरे लिहिलेलं असतं, उघड्यावरच्या गाडीवर माझा भरवसा नाही. आणि स्टेशनबाहेर आता महिन्याच्या पासाचे किती घेतात रे? ठाण्याला पूर्वेला जागाच मिळत नाही.

ऐरोलीचा_नित्या
पास बंद केलाय त्यांनी, रोजचं तिकीट. कडांचं पॅनल विचारून आलो, पार्ट मागवावा लागेल म्हणाला. हर्षद, हीट गन भाड्याने मिळते का कुठे?