सोसायटी ग्रुप : बी-२०४ ताईंचा परिचय

बी-२०४ : नमस्कार. पुढच्या महिन्यात पणजीत स्थापत्य अभियंत्यांची परिषद आहे. तिथल्या मराठी सत्रात मी समुद्राजवळच्या इमारतींतल्या सळ्यांच्या गंजाबद्दल बोलणार आहे. २०१४ नंतर मंचावर उभीच राहिले नाही, त्यामुळे धाकधूक आहे. निवेदकाने वाचायचा परिचय ८० शब्दांत पाठवायचा आहे. मसुदा असा :

"दोन दशकांहून अधिक अनुभव असलेल्या, कुटुंबासाठी करिअरचा त्याग करून आता जिद्दीने पुनरागमन करणाऱ्या … या आयएस १३३११ नुसार काँक्रीटच्या चाचण्या करण्यात तज्ज्ञ आहेत. सध्या त्या स्वतंत्र सल्लागार आहेत."

मोकळेपणाने सांगा.

ए-१०१ मामी : बाय, वाचून डोळे भरले गो.

सी-३०३ : ताई, मी बरीच वर्षं कार्यक्रमांचं निवेदन करतोय, म्हणून सांगतो. मामींचे डोळे भरले, पण तुम्ही कशावर बोलणार ते त्यांना कळलं नाही. सभागृहात लोक पहिलंच वाक्य नीट ऐकतात, पुढे खुर्च्या सरकवतात. तिथे त्याग आला की पुढची वीस मिनिटं लोक तुमची कहाणी शोधत बसतात. पहिल्या वाक्यात गंज आणा.

बी-२०४ : मग खंडाचं लिहूच नको का?

सी-३०३ : लिहाच. लपवलात तर प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारेल, २०१५ नंतर कुठे होता? जुनं काम आणि नवं काम यांच्या मध्ये, सालांसकट, एक सरळ वाक्य. आधी-नंतर काही जोडायचं नाही.

ए-१०१ मामी : सासूबाईंच्या दुखण्याचं?

बी-२०४ : नको मामी. ते त्यांचं खाजगी आहे. 'कौटुंबिक जबाबदारी' एवढंच.

सेक्रेटरी काका : मी पीडब्ल्यूडीतून निवृत्त, म्हणून दोन गोष्टी खटकल्या. 'दोन दशकांहून अधिक' हा हिशेब बसत नाही. २००३ ते २०१५ बारा वर्षं, आणि २०२३ पासून पुढची. मधली आठ त्यात धरली तर ऐकणारा अभियंता मनातल्या मनात बेरीज करतो, आणि मग बाकीच्या दाव्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं : आयएस १३३११ हे मानक आता चालत नाही. अल्ट्रासोनिकचा भाग २०१८ मध्ये आणि रिबाउंड हॅमरचा २०२० मध्ये आयएस ५१६ च्या पाचव्या भागात गेला. खंडाचं वाक्य कितीही नीट लिहा, हा एक आकडा सांगेल की तुम्ही २०१५ पाशी थांबलात.

बी-२०४ : अगोबाई! काका, काम मी ५१६ नेच करते. मसुदा जुन्या बायोडेटातून उचलला, त्यातून आलं हे. बरं झालं सांगितलंत.

सी-३०३ : जुना परिचय उचलताना हेच होतं. 'सध्या' पण काढा. परिचय स्मरणिकेत छापला जातो, दोन वर्षांनी वाचणाऱ्याचं 'सध्या' वेगळं असतं. '२०२३ पासून' कधी शिळं होत नाही. आणि 'तज्ज्ञ'च्या जागी काय तपासलंत ते लिहा. आपल्या स्टिल्टमधल्या खांबांवर ती तारेची चाचणी केलीत तशी.

बी-२०४ : हाफ-सेल. नोंद उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेली, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. पण सळी किती खाल्ली गेली हे ती सांगत नाही. म्हणून मी काही ठिकाणी सळीवरचं काँक्रीटचं कव्हर फोडून पाहिलं, माझं भाषण त्यावरच आहे.

सी-३०३ : मग परिचयाचं शेवटचं वाक्य तेच!

बी-२०४ : (तासाभराने) हे बघा :

"… या समुद्राजवळच्या इमारतींमधील सळ्यांचा गंज तपासणाऱ्या स्थापत्य अभियंता आहेत. २००३ ते २०१५ या काळात त्यांनी पूल आणि इमारतींच्या दुरुस्तीसाठी काँक्रीटच्या चाचण्या केल्या. तेव्हाचे त्यांचे लेख माहेरच्या, … या नावाने प्रसिद्ध आहेत. २०१५ ते २०२३ त्या कौटुंबिक जबाबदारीमुळे व्यवसायापासून दूर होत्या. २०२३ पासून त्यांनी आयएस ५१६ नुसार तिसवाडी आणि बार्देशमधल्या १४ इमारती तपासल्या आहेत. हाफ-सेलने दाखवलेला गंज आणि खांब फोडल्यावर दिसलेला गंज यांची तुलना त्या आज मांडतील."

सेक्रेटरी काका : माहेरचं नाव घातलंत ते फार योग्य. तुमचे जुने लेख मी वाचले असतील, पण त्या तुम्हीच हे मला आज कळलं.

सी-३०३ : मोठ्याने वाचलं, पाऊण मिनिटाच्या आत संपतं. एकच बदल : निवेदकाच्या प्रतीत '५१६' अक्षरांत 'पाचशे सोळा' लिहा. नाहीतर तो 'पाच-एक-सहा' म्हणेल, आणि पुढच्या रांगेतले अभियंते एकमेकांकडे बघतील.

बी-२०४ : केलं. पाठवते आता.