मदत हवी आहे: आधीचे नोंदणीकृत आणि नंतरचे बिननोंदणीचे मृत्युपत्र, पुरावा कोणाला किती लागेल?

कृष्णाकाठ:
आमचे वडील मागील वर्षी वारले. सातारा जिल्ह्यातील त्यांच्या स्वकष्टार्जित शेतीबाबत दोन मृत्युपत्रे निघाली आहेत. पहिले 2011 सालचे, दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेले; त्यात सर्व जमीन मोठ्या भावाला दिली आहे. दुसरे 2018 सालचे, साध्या कागदावरचे. त्यात आम्हा तिघा भावंडांना समान वाटा आहे. त्यावर वडिलांची आणि दोन साक्षीदारांची सही आहे. दादांनी पहिल्याच्या आधारे फेरफारासाठी अर्ज केला, मी हरकत घेतली. तेथे मला तोंडी सांगण्यात आले की, नोंदणीकृत कागदापुढे साधा कागद टिकत नाही. हे खरे आहे का? माझ्या कागदासाठी वेगळा, जास्तीचा पुरावा लागतो का?

माणदेशी:
नोंदणीकृत कागदच वरचढ ठरतो. तो शासनाच्या अधिकाऱ्यासमोर झालेला असतो, त्यामुळे त्याला साक्षीदार आणावा लागत नाही. खरेदीखताचेही तसेच असते.

जुनी वहिवाट:
खरेदीखताबाबत आपण म्हणता ते बहुतांशी बरोबर आहे. परंतु तीच सवलत देताना कायद्याने मृत्युपत्र स्पष्टपणे वगळले आहे. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 68 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 67 मध्ये आहे. म्हणून दादांनाही, साक्षीदार हयात आणि साक्ष देण्याजोगा असेल तर, निदान एकाला न्यायालयात उभे करावेच लागेल. शिवाय मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असल्याने 2018 चा कागद सिद्ध झाला, तर तो बिननोंदणीचा असूनही 2011 च्या मृत्युपत्राची जागा घेतो.

नोंदणीचा उपयोग निराळा आहे. त्या दिवशी वडील स्वतः कार्यालयात आले होते, कागद आपलाच असल्याचे त्यांनी कबूल केले, हे शेऱ्यावरून आणि अंगठ्यावरून दिसते; त्यामुळे कागद मागाहून तयार केल्याचा आक्षेप दुबळा पडतो. मात्र तेथे ओळख पटवण्यासाठी सही करणारी माणसे आपोआप मृत्युपत्राचे साक्षीदार ठरत नाहीत. ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

आता तुमच्या कागदाविषयी विचारतो. मजकूर कोणी लिहिला, आणि साक्षीदार कोण?

इंद्रायणी_पुणे:
माझ्या आईने फ्लॅट माझ्या नावे बक्षीसपत्राने केला, तेव्हा मुद्रांक शुल्क भरावे लागले होते. तुमच्या कागदावर शुल्क भरले नसेल, तर तो चालेल का?

जुनी वहिवाट:
बक्षीसपत्राने मालकी देणाऱ्याच्या हयातीतच जाते, म्हणून तेथे नोंदणी आणि शुल्क दोन्ही लागतात. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही, त्यामुळे येथे तो प्रश्न उद्भवत नाही.

कृष्णाकाठ:
मजकूर वडिलांच्या सांगण्यावरून मीच घरच्या संगणकावर टाइप केला. एक साक्षीदार शेजारचे निवृत्त गुरुजी आहेत. दुसरे वडिलांचे मित्र, सध्या नाशिकला मुलाकडे असतात. काल गुरुजींना भेटलो. त्यांनी कागद खिडकीशी धरून स्वतःची सही ओळखली, वडिलांनी ओसरीवर बसून त्यांच्यासमोर सही केल्याचेही सांगितले. परंतु मित्राने सही केली तेव्हा ते तेथे होते की निघून गेले होते, हे त्यांना आठवत नाही.

जुनी वहिवाट:
मग नाशिकच्या गृहस्थांना आजच भेटा. दोन्ही साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. परंतु प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेले असावे किंवा सही आपली असल्याचे त्यांच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि प्रत्येकाने वडिलांच्या देखत सही केलेली असावी. दोघांच्याही बाबतीत हे सिद्ध व्हावे लागते. एकच साक्षीदार बोलावला आणि त्याला दुसऱ्याच्या सहीबद्दल सांगता आले नाही, तर दुसऱ्यालाही आणावे लागते. दुसरा उपलब्ध असूनही न आणल्यामुळे महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्र सिद्ध झाले नाही असे ठरवले आहे.

मला अधिक काळजी टाइप करण्याची वाटते. ज्याला लाभ होतो त्यानेच कागद तयार करण्यात पुढाकार घेतला, तर ती संशयास्पद परिस्थिती मानली जाते, आणि तो संशय दूर करणे तुमच्यावर येते. तेथे जास्तीचा पुरावा लागतो, तो या कारणासाठी. बँकेतील त्या काळातील सह्या, औषधोपचाराची कागदपत्रे, सात वर्षे कागद कोणाच्या ताब्यात होता याचा तपशील जमवा. सर्वांना समान वाटा दिला आहे, ही बाब तुमच्या बाजूची आहे. दादांना जमीन मिळते, म्हणून 2011 मध्ये वडिलांना कार्यालयात कोणी नेले हा प्रश्न त्यांनाही विचारता येईल. फेरफाराच्या नोंदीने मालकी ठरत नाही. ती दिवाणी न्यायालयातच ठरेल.

माणदेशी:
मृत्युपत्र वगळले आहे हे मला ठाऊक नव्हते. तरीही अनुभवाने सांगतो, नोंदणी असलेल्या कागदाकडे न्यायालय अधिक विश्वासाने पाहते.

कृष्णाकाठ:
कागद आईच्या पेटीत होता, परंतु ती आता नीट बोलू शकत नाही. तिची साक्ष कशी घेता येईल, हे कोणास माहीत असल्यास कृपया लिहावे. मी सकाळच्या गाडीने नाशिकला निघतो आहे.