सोलर इन्व्हर्टरला रोज सकाळी आयसोलेशन फॉल्ट, इन्स्टॉलर म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते इन्स्टॉलरकडे. क्लेम कुणावर करू?

गारगोटीकर
घरावर ३ किलोवॅटचं ऑनग्रिड सोलर आहे, ५४० वॅटचे ६ पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये, २०२४ ला सूर्यघर योजनेतून बसवलेलं. पाऊस लागल्यापासून रोज सकाळी इन्व्हर्टरचा दिवा लाल, आयसोलेशन फॉल्ट दाखवतो, मग अकराच्या पुढे ऊन तापलं की आपोआप चालू होतो. इन्स्टॉलर म्हणतो इन्व्हर्टर गेलाय, कंपनीकडे तक्रार टाका. टाकली, तर त्यांचा इंजिनियर दुपारी आला, तेव्हा सगळं चालू, दोष नाही असं लिहून तक्रार बंद करून गेला. आता काय करायचं?

बॅटरीवाले_नाना
डिस्टिल्ड वॉटर बघितलंत का? आमच्याकडे असंच झालेलं, पाणी कमी होतं.

गारगोटीकर
नाना, बॅटरीच नाहीये यात, ऑनग्रिड आहे.

मिरजेचा_पक्या
एवढा विचार काय करताय, इन्व्हर्टर वॉरंटीत आहे ना, मग बदलून मागा, एररचा फोटो असला की देतात. माझा डिस्प्लेच बंद पडलेला, तीन आठवड्यांत दुसरा आला. फक्त तो रिपेअर केलेला होता आणि वॉरंटी जुन्या तारखेपासूनच धरली.

उन्हातला_वायरमन
पक्या, तुझा डिस्प्ले मेलेला होता, इथे इन्व्हर्टर शुद्धीवर आहे आणि करंट अर्थला गळतोय म्हणून स्वतःहून थांबतोय. नवा आणून बसवला तरी उद्या सकाळी हाच एरर. ओल असताना येतो, सुकलं की जातो, म्हणजे बहुतेक गळती छतावर किंवा डीसीच्या डब्यात. पण कंपनीला नुसता अंदाज चालत नाही, आकडे लागतात, आणि ते फॉल्ट हजर असताना घ्यायचे, म्हणजे सकाळीच.
डीसीचं काम येणारा माणूस बोलवा, स्वतः हात घालू नका, करंट चालू असताना प्लग ओढला तर मोठी ठिणगी पडते. आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, मग इन्व्हर्टरचे डीसी प्लग काढायचे. पॅनलकडून आलेल्या वायरींवर मीटरने प्लस ते मायनस, प्लस ते अर्थ, मायनस ते अर्थ, तिन्ही बघा. अर्थचे दोन्ही आकडे घसरत शून्याकडे गेले तर वायरिंग साफ, दोष इन्व्हर्टरचा. टिकून राहिले तर गळती बाहेर. सलग एकच व्हिडिओ काढा, सुरुवात एरर आणि इन्व्हर्टरच्या सिरियल नंबरच्या स्टिकरपासून.

गारगोटीकर
आज सकाळी करून घेतलं. प्लस ते मायनस २७६, प्लस ते अर्थ १८०, मायनस ते अर्थ ९०, हलत नाहीत.

उन्हातला_वायरमन
मग इन्व्हर्टर सुटला. एका पॅनलचे साधारण ४६ व्होल्ट, ९० म्हणजे दोन पॅनल. मायनसच्या टोकाकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनलच्या मधला जोड बघा.

गारगोटीकर
बरोब्बर! तिथला जोड क्लिपमधून सुटून खाली चॅनेलमध्ये पडलाय, त्यात पाणी साचलेलं, वर केबलची साल घासून गेलीय.

उन्हातला_वायरमन
हे बसवणाऱ्याचं काम, पॅनलच्या वॉरंटीत येत नाही. योजनेत वेंडरवर ५ वर्षांची देखभाल आहे, करारात ते कलम बघा आणि व्हिडिओ, बिल, करार जोडून त्याला लेखी ईमेल टाका, फोनवर बोलून काही उपयोग नाही. टाळाटाळ केली तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. आणि जोड बदलूनही एरर राहिला तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पॅनलच्या जंक्शन बॉक्सवर शंका, तो क्लेम पॅनल कंपनीकडे. माझ्या बघण्यात त्याला महिने जातात, वर उतरवणं-पाठवणं बऱ्याचदा आपल्या खर्चाने. म्हणून आत्ताच सहाही पॅनलचे नंबर फोटो काढून ठेवा.

गारगोटीकर
काढले, आणि इथेच घोळ झालाय. पॅनल भारतीय बनावटीचे असल्याचं जे डीसीआर सर्टिफिकेट मिळतं, त्याच्या यादीतले पाच नंबर जुळतात, तिसऱ्या पॅनलचा नाही. इन्स्टॉलर म्हणतो बसवताना एक फुटला होता, बदलला.

उन्हातला_वायरमन
मागच्या स्टिकरवरचा आणि काचेखालचा, दोन्ही नंबर एकच आहेत का ते आधी बघा. एकच असले तर बदललेल्या पॅनलचं बिल आणि पत्र त्याच्याकडून घ्या, नाहीतर पॅनल कंपनी त्या नंबरवर क्लेम नाकारू शकते. सबसिडीच्या नोंदीत कसं दुरुस्त होतं ते मला नक्की माहीत नाही, कुणी केलं असेल तर सांगा.

मिरजेचा_पक्या
माझ्या पॅनलच्या काचेवर माकडं उड्या मारतात, फुटली तर वॉरंटीत बसेल का?

उन्हातला_वायरमन
नाही रे बाबा, ते विम्यात बघ, आणि त्यासाठी वेगळा धागा काढ.

गारगोटीकर
काचेखालचा नंबर स्टिकरशी जुळला. ईमेल टाकलाय, पत्राचंही त्यातच लिहिलंय. शनिवारी माणूस पाठवतो म्हणालाय, जोड बदलला की पुढच्या पावसाळी सकाळचे आकडे टाकतो.