मदत हवी आहे: डीपीच्या फोटोत आयसोलेटर कुठला आणि फ्यूज कुठला?

जुळे_सोलापूरची_वैशाली

नमस्कार मंडळी, कालपासून आमच्या गल्लीत लाइट विचित्र चालू आहे, म्हणजे गेलेली नाही पण आमच्याकडे सगळं नीट आणि समोरच्या काकूंकडे पंखा नुसता घरघरतोय, ट्यूब लागतच नाही, त्यांच्या फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर ११६ दाखवतोय आणि आमच्या स्टॅबिलायझरवर २३४. १९१२ ला फोन केला तर तिकडून विचारलं डीपीवर काही तुटलेलं, लोंबकळलेलं दिसतंय का. मग रस्त्याच्या पलीकडे आमच्या गच्चीवरून झूम करून फोटो काढला, खाली जोडलाय, त्यात मी आकडे टाकलेत. १ म्हणजे मधला मोठा राखाडी डबा ज्याला बाजूने नळ्या आहेत, तो ट्रान्सफॉर्मर असं मी धरलंय. २ म्हणजे सगळ्यात वर आडव्या चॅनलवर तीन पट्ट्या आहेत त्या. ३ म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वर तीन तिरक्या कांड्या आहेत, त्यातल्या दोन वर अडकलेल्या आणि एक खाली उलटी लटकलीय. ३ उघडा दिसतोय म्हणून मी त्याला आयसोलेटर समजतेय आणि २ फ्यूज. बरोबर आहे का? चुकीचं सांगितलं तर वायरमन दुसरंच सामान घेऊन येतील अशी भीती वाटते, समोर आजारी माणूस आहे म्हणून घाई करतेय.

शिवा_७९

ताई फ्यूज वर नसतोच, फ्यूज खाली असतो. खांबाला कमरेच्या उंचीवर पत्र्याची पेटी असते बघा, तिचं दार कायम उघडं असतं, त्यात पांढरे किटकॅट असतात, त्यातला एक गेला की अर्ध्या गल्लीची लाइट जाते. वायरमनला तेवढंच सांगा की पेटीतला फ्यूज गेलाय.

माग_कारखाना_अक्कलकोट_रोड

आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात असंच झालं की ओ. माग चालू होते, एकदम मोटरींचा आवाज बदलला, हूं हूं करायला लागल्या आणि दोन मोटरी जळाल्या, वाइंडिंगचा खर्च लय आला. तुमच्याकडे थ्री फेज असेल तर पहिलं मेन बंद करा आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्या.

जुळे_सोलापूरची_वैशाली

दादा आमचं घरगुती सिंगल फेज आहे, मोटर बोअरची आहे ती पण सिंगल. मला फक्त फोटोतलं ओळखायचंय.

लाइनवरचा_माणूस (निवृत्त)

ताई, १ बरोबर. २ आणि ३ उलटे झालेत.

तुमची चूक कशाने झाली ते कळलं, लटकलेली कांडी उघड्या स्विचसारखी दिसते म्हणून. पण एक गोष्ट धरून चाला, स्विच उघडला तर तिन्ही एकदम उघडतात. तुमच्या २ ला मागून एक आडवा पाइप जोडलेला दिसतोय, तिन्ही त्याच पाइपवर आहेत, आणि उजव्या खांबाच्या कडेने एक उभा पाइप खाली हँडलपर्यंत आलाय, फोटोत पानांच्या आड अर्धा दिसतो. त्याला आम्ही एबी स्विच म्हणतो, तोच तुमचा आयसोलेटर. ३ ला असा कुठलाही जोड नाही, तिन्ही आपापल्या इन्सुलेटरवर सुट्या. एकटी एक सुटून खाली लोंबतेय म्हणजे तो डीओ फ्यूजच. आतली तार वितळली की वरची पकड सुटते आणि नळी खालच्या बिजागरीवर उलटी पडते, लांबून दिसावं म्हणूनच तशी बनवलीय.

शिवा, पेटीतले किटकॅट हे पण फ्यूजच, तुझं ते चुकीचं नाही. पण ते ट्रान्सफॉर्मरच्या पुढचे, घराकडचे. त्यातला एक गेला तर त्या फेजवरच्या घरांत पूर्ण अंधार आणि बाकीच्यांना पूर्ण लाइट. इथे काकूंकडे ११६ आहे, शून्य नाही. ११ केव्हीच्या बाजूची एक फेज गेली की आतल्या तीन गुंडाळ्यांपैकी एकीला पूर्ण दाब मिळतो आणि उरलेल्या दोघी एकीमागे एक जोडल्यासारख्या होऊन तो अर्धा अर्धा वाटून घेतात. म्हणून तीनातल्या एका फेजवर २३४ आणि दोन फेजवर त्याच्या निम्मं. ताईंचा आकडा तंतोतंत तसाच आहे.

काकूंना सांगा फ्रीज आणि पंखे बंद ठेवा, अर्ध्या दाबावर मोटर तापते.

आणि कुणी काठीने ती नळी वर अडकवायला जाऊ नका. लटकली म्हणून ती मेलेली नाही, वरची पकड तर चालू आहेच पण ट्रान्सफॉर्मरच्या आतून फिरून खालच्या टोकालाही दाब येतो.

शिवा_७९

हे अर्ध्या दाबाचं माहीत नव्हतं. पण मग आमच्या कॉलनीत डीपी आहे तिथे अशा कांड्या नाहीतच, नुसते दोन खांब, वर पट्ट्या आणि हँडल. ट्रान्सफॉर्मरपण नाही. तरी सगळे डीपीच म्हणतात.

लाइनवरचा_माणूस (निवृत्त)

बरोबरच म्हणतात, डीपी म्हणजे डबल पोल, दोन खांब. लोकांनी ते नाव ट्रान्सफॉर्मरला लावलं. तिथे फक्त लाइन तोडायचा एबी स्विच असणार. फोटो बघताना नावावर जाऊ नका, तारेवर बोट ठेवून वरून खाली या. लाइनची तार आधी कुठे येते, तिथून कुठे उतरते, शेवटी ट्रान्सफॉर्मरच्या तीन उंच बुशिंगवर कशी येते. त्या वाटेत हँडलच्या पाइपला जोडलेलं आहे ते स्विच, सुटं आहे ते फ्यूज. वाटेत नाही, नुसती बाजूला तार जाऊन खाली अर्थला उतरली असेल तर तो अरेस्टर, विजेसाठीचा. तुमच्या फोटोत डावीकडे उभे तीन आहेत ते तेच, त्यांना मोजू नका.

जुळे_सोलापूरची_वैशाली

खूप आभार काका. फोनवर असंच सांगितलं की जुळे सोलापूरच्या या या डीपीवर डीओची एक नळी पडलीय, एबी स्विच लागलेला दिसतो. तासाभरात दोघे आले. आधी हँडलचं कुलूप काढून खाली ओढलं, वरच्या तिन्ही पट्ट्या एकदम उघडल्या, तुम्ही म्हणालात तशाच. मग अर्थिंगचा रॉड लावून, लांब काठीने नळी उतरवली. आत काळी झाली होती, तार नव्हतीच. नवी तार घालून परत अडकवली. आता काकूंकडे २३१. तार का गेली ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, परत गेली तर बघू म्हणाले.

एक अजून, येताना विजापूर रोडवर दुसऱ्या डीपीचा फोटो काढला. तिथे तिरक्या नळ्या नाहीत, त्या जागी शिंगांसारख्या वाकवलेल्या जोड्या आहेत, आणि वरच्या स्विचलाही तशीच शिंगं. मग फ्यूज कुठला?

लाइनवरचा_माणूस (निवृत्त)

खालची जोडी हॉर्न गॅप फ्यूज असेल, जुन्या डीपीवर अजून दिसतात. दोन शिंगांच्या मधे बारीक तार असते, ती जळाली की शिंगांवरून ठिणगी वर चढत जाऊन विझते. वरच्या स्विचची शिंगंही ठिणगीसाठीच, पण तिथे मधे तार नसते, जाड पात असते. तुमच्या फोटोत आभाळ पांढरं पडलंय, बारीक तार आहे की नाही काहीच दिसत नाही, त्यामुळे तो फ्यूज चालू आहे की गेलाय हे मी या फोटोवरून सांगणार नाही. पाठीमागे ऊन घेऊन, सकाळी, रस्त्याच्या पलीकडून परत काढा.

माग_कारखाना_अक्कलकोट_रोड

आमच्या गाळ्यासमोरच्या डीपीला पण शिंगंच आहेत. उद्या मीपण फोटो टाकतो, बघा जरा.