मदत हवी आहे: ठेवीचं तिमाही चक्रवाढ व्याज कसं पडताळायचं?

हळदपेठ_सांगली: यंदाच्या हळदीच्या पट्टीतले ५०,००० रुपये मामांनी इथल्या एका पतसंस्थेत दोन वर्षांसाठी ठेवले. दर साल ८ टक्के, व्याज तिमाही चक्रवाढ. पावतीवर मुदतीअंती ५८,५८३ रुपये लिहिलेत. भाचीनं शाळेतल्या रीतीनं काढले तर ५८,३२० येतात. २६३ रुपये जास्त कसे? मामा म्हणतात, पुढं कमी दिले तर काय करायचं. साधं कॅल्क्युलेटर आहे, त्यावर कसं तपासू?

मिरजकर: ताई, सोपं आहे. तिमाही म्हटलं की दर ४ ने भागायचा. ८ चे २ टक्के झाले, दोन वर्षं म्हणून दोनदा गुणा.

हळदपेठ_सांगली: दादा, तसं केल्यावर ५२,०२० आले. साध्या व्याजानं सुद्धा ५८,००० होतात की!

कृष्णाकाठ: मिरजकरांचं निम्मं बरोबर आहे. दर ४ ने भागला की मुदतही ४ ने गुणायची. दोन वर्षांच्या ८ तिमाह्या होतात. म्हणजे ५०,००० ला १.०२ ने आठ वेळा गुणा, मधे कुठंही आकडा पूर्ण रुपयात करू नका. उत्तर ५८,५८२.९७, म्हणजे पावती बरोबर आहे. भाचीचं उत्तर वर्षातून एकदाच व्याज मुद्दलात मिळवलं तर येतं. दर तसाच ८ ठेवून आठ वेळा गुणलं तर ९२,५४७ येतील, तेही चूकच.

कॅल्क्युलेटरवर विश्वास नसेल तर पहिलं वर्ष कागदावर करा. पहिल्या तिमाहीचं व्याज १,००० रुपये. ते मुद्दलात गेल्यावर उरलेल्या तीन तिमाह्या त्यावर २० रुपयांप्रमाणे ६० मिळतात. दुसऱ्या तिमाहीच्या १,००० वर ४०, तिसऱ्याच्या १,००० वर २०. जादा १२० झाले, आणि या जादा रकमेवरच्या व्याजाचे दीडएक रुपये. म्हणून वर्षाला ४,००० ऐवजी ४,१२१.६१. तिमाहीचं उत्तर वार्षिकापेक्षा असं थोडंच वर असतं. खाली गेलं किंवा फार वर गेलं तर गणित पुन्हा मांडायचं.

वाळवा_शेती: माझीही तिमाही ठेव आहे, पण दोन वर्षांनी ५०,००० च मिळणार म्हणतात. फसवलं का?

कृष्णाकाठ: दर तीन महिन्यांनी व्याज तुमच्या बचत खात्यात जमा होत असेल ना? मग ते मुद्दलात मिसळत नाही, त्यावर पुढं व्याज चढत नाही. व्याजाचे पैसे खात्यात येतात का ते पासबुकात बघा.

वाळवा_शेती: हो, खात्यात येतात.

हळदपेठ_सांगली: आठ वेळा गुणून बघितलं, ५८,५८२.९७ च आलं! मामांना दाखवते. एक राहिलं. त्यांना ही ठेव दोन वर्षं ४० दिवसांची करून हवी होती. ते ४० दिवस कसे मोजायचे?

कृष्णाकाठ: पूर्ण तिमाही न भरलेल्या दिवसांना बँका बहुधा साधं व्याज लावतात, ५८,५८२.९७ × ०.०८ × ४० ÷ ३६५, म्हणजे साधारण ५१४ रुपये. तुमच्या पतसंस्थेचा नियम वेगळा असू शकतो. नवी पावती करण्याआधी तो लेखी मागून घ्या.

मिरजकर: मग मुदतीआधी मोडली तर कोणता दर धरायचा, तेही विचारा. आमच्या घरी त्यावरनं अजून वाद आहे.